आधी छाती फुगते की आधी हवा शिरते?

श्वसनसंस्थेचा धडा शिकवून झाला की त्यावर प्रश्नमंजुषा घ्यायची, ही शाळेतली नेहमीची रीत. फळ्यावर आकृती, बाणांपुढे रिकाम्या जागा आणि ‘वायूंची देवाणघेवाण कुठे होते?’ हा हमखास प्रश्न. सातवी-आठवीतलं मूल ‘वायुकोशात’ असं लिहितं आणि गुण घेऊन मोकळं होतं. उत्तर बरोबरच असतं. पण हवा तिथवर पोहोचते कशी, तिचं तिथे काय होतं आणि बाहेर येते ती हवा कशी असते, हे त्या मुलाला उमगलं आहे का, ते या एका शब्दावरून कळत नाही. ते कळावं म्हणून मी दरवर्षी याच धड्यावर थोडे फसवे प्रश्न काढते. त्यांतला पहिला नेहमी हाच असतो.

प्रश्न. श्वास घेताना छाती मोठी होते आणि हवा आत जाते. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता? (अ) हवा आत शिरते म्हणून छाती फुगते. (आ) छाती फुगते म्हणून हवा आत शिरते.

बहुतेक वर्ग ‘अ’वर हात वर करतो. का, असं विचारलं की फुग्याचं उदाहरण येतं. हवा भरली की फुगा मोठा होतो, तशीच फुप्फुसं. मग मी विचारते, फुग्यात हवा कोणीतरी फुंकतं, तुमच्या फुप्फुसांत कोण फुंकतं? मागच्या बाकावरून एकदा उत्तर आलं होतं, ‘बाई, नाक.’ त्यावर बाकीच्यांनीच हरकत घेतली, कारण नाकाला हवा ढकलता येत नाही, ती तर नुसती वाट आहे. इथून पुढे वर्ग खरा विचार करायला लागतो.

बरोबर उत्तर ‘आ’. फुप्फुसांकडे स्वतःला फुगवणारा स्नायूच नाही. फुगवण्याचं काम बाहेरून होतं. छातीची पोकळी आणि पोट यांच्या मधे श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा आहे. आरामात असताना तो वर फुगीर, घुमटाच्या आकाराचा असतो. आकुंचन पावला की तो सपाट होत खाली उतरतो, शांत श्वासात साधारण दीड सेंटिमीटर. त्याच वेळी बरगड्यांच्या मधले स्नायू बरगड्यांना वर आणि बाहेर उचलतात. छातीची पोकळी सगळ्या बाजूंनी मोठी होते आणि तिच्या भिंतीला पातळ ओलसर आवरणाने चिकटून असलेली फुप्फुसंही ताणली जातात. आतली हवा तेवढीच, जागा मात्र वाढली, म्हणून आतला दाब उतरतो. बाहेरच्या हवेचा दाब ७६० मिलिमीटर धरला, तर शांत श्वासात आतला दाब जेमतेम एका मिलिमीटरने कमी होतो. एवढा फरक बाहेरची हवा आत यायला पुरतो. लोहाराचा भाता असाच चालतो. आधी तो उघडावा लागतो, मग हवा त्यात शिरते.

हे पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. नाक चिमटीत घट्ट धरायचं, तोंड मिटायचं, दुसरा हात छातीवर ठेवायचा आणि एकदाच, दोन सेकंदांपुरती, श्वास घेण्याची हालचाल करायची. हवा कणभरही आत जात नाही, तरी बरगड्या किंचित उचलतात, घशात ओढ जाणवते, गाल आत खेचले जातात. हवा न शिरता छाती हलली, म्हणजे हालचाल आधीची आणि हवा नंतरची. चिमटी सोडताच हवा सर्रकन आत येते, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरच उत्तर दिसतं.

यानंतर बाटलीचा नमुना. तो बऱ्याच पुस्तकांत असतो, पण त्यावरचा खरा प्रश्न कुणी विचारत नाही. एक लिटरची जाड प्लास्टिकची बाटली घ्यायची आणि तिचा तळ कापून टाकायचा. एक फुगा आत सोडून त्याचं तोंड बाटलीच्या तोंडावर उलटं चढवायचं. दुसरा फुगा कापून त्याचा रबरी पडदा तळाशी ताणून बसवायचा आणि चिकटपट्टीने पक्का करायचा. पडदा खाली ओढला की आतला फुगा फुगतो, सोडला की आकसतो. पडदा ओढूनही फुगा हलत नसेल, तर हवा कुठून तरी गळते आहे हे नक्की. बहुतेक वेळा दोष तळाच्या कडेला असतो, कारण कापलेली कड खडबडीत राहिली की चिकटपट्टी नीट बसत नाही. बाटली पातळ असेल तर पडदा ओढताना तीच आत चेपते आणि फुगा अर्धवट फुगतो.

नमुना नीट चालू लागला की फसवा प्रश्न येतो. बाटलीच्या बाजूला टाचणीने भोक पाडलं आणि मग पडदा ओढला, तर आतल्या फुग्याचं काय होईल? आधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, मग भोक पाडायचं. ‘फुगा जास्त फुगेल, कारण हवा दोन्हीकडून येईल,’ असं लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. प्रत्यक्षात फुगा जवळपास हलतच नाही. भोकातून शिरलेली हवा फुग्याच्या बाहेर, बाटलीच्या पोकळीत जमते. तिथला दाब उतरतच नाही, मग फुग्यात हवा खेचली जाणार कशी? अपघातात छातीला आरपार जखम झाली आणि हवा फुप्फुसाबाहेरच्या जागेत शिरली की त्या बाजूचं फुप्फुस याच कारणाने आकसतं. नाक आणि श्वासनलिका पूर्ण मोकळी असली तरीही. भोकावर बोट ठेवून पडदा पुन्हा ओढला की फुगा फुगतो आणि डॉक्टर अशी जखम आधी हवाबंद करण्याची घाई का करतात, ते सांगावं लागत नाही.

या नमुन्यात काय खोटं आहे, हाही प्रश्नमंजुषेतला प्रश्न असायलाच हवा असं मला वाटतं. बाटलीची भिंत हलत नाही, छातीची हलते. बाटलीत फुगा आणि भिंत यांच्या मधे मोठी मोकळी जागा आहे, छातीत त्या जागी पाण्यासारख्या द्रवाचा पातळ थर असतो. रबरी पडदा सुरुवातीला सपाट असतो आणि ओढल्यावर खाली फुगतो, श्वासपटल मात्र सुरुवातीला वर फुगीर असतं आणि ओढल्यावर सपाट होतं. फुप्फुस म्हणजे एकच पोकळ पिशवी, हा समज तर या नमुन्याने आणखी पक्का होतो. खरं फुप्फुस आतून कोट्यवधी बारीक वायुकोशांनी भरलेलं आहे. एका वायुकोशाची रुंदी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी.

छाती आधी आणि हवा नंतर, याचा सर्वांत मोठा पुरावा माणसांनी अनेक वर्षं जगून दिला आहे. पोलिओने श्वसनाचे स्नायू लुळे पडले की रुग्णाची फुप्फुसं निरोगी असूनही तो गुदमरायचा. १९२८ साली अमेरिकेत हार्वर्डमधल्या फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी त्यासाठी लोखंडी फुप्फुस तयार केलं. हे यंत्र म्हणजे धातूची मोठी नळकांडी. रुग्णाचं गळ्याखालचं सारं शरीर आत आणि डोकं बाहेर. यंत्र नळकांडीतली थोडी हवा काढून घेई, छातीभोवतीचा दाब उतरे, छाती आपोआप वर उचलली जाई आणि बाहेर असलेल्या नाकातोंडातून हवा आत जाई. नाकात कुणी काहीही फुंकत नव्हतं. पॉल अलेक्झांडर यांना १९५२ साली लहानपणी पोलिओ झाला. पुढे ते वकील झाले आणि २०२४ साली वारले. मधली सत्तरहून अधिक वर्षं त्यांचा श्वास या यंत्राच्या आधाराने चालला.

एखादं हुशार मूल इथे अडवतं आणि त्याने अडवावंच. आजोबांना अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर लावला होता, तो तर नळीतून हवा आत ढकलतो, मग तिथे ‘अ’ बरोबर नाही का? बरोबरच आहे. आजचे बहुतेक व्हेंटिलेटर दाबाने हवा आत सोडतात आणि तिथे खरोखरच हवा शिरते म्हणून छाती फुगते. हा मार्ग १९५२च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत रूढ झाला. बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्याने श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवली गेली आणि वैद्यकीय शाळेतले विद्यार्थी पाळीपाळीने रबरी पिशवी हाताने दाबत रुग्णांना श्वास देत राहिले. म्हणून प्रश्नपत्रिकेत ‘आपण आपला आपण श्वास घेताना’ हे शब्द घातले, तर वाद उरत नाही.

याला जोडून एक छोटा चकवा. शांत बसलेले असताना श्वास सोडायला कोणता स्नायू आकुंचन पावतो? उत्तर, कोणताच नाही. श्वासपटल सैल पडतं, ताणलेली फुप्फुसं आपल्या लवचीकपणाने आकसतात आणि हवा बाहेर पडते. धावताना, खोकताना, बासरी वाजवताना मात्र पोटाचे आणि बरगड्यांमधले आतले स्नायू जोर लावतात.

गुण देण्याबद्दल इथेच सांगते. दोन पर्यायांचा प्रश्न डोळे मिटून सोडवला तरी अर्धी मुलं बरोबर येतात. म्हणून मी प्रत्येक प्रश्नाला दोन पायऱ्या ठेवते. पहिल्यात उत्तर, दुसऱ्यात त्याचं कारण, आणि दोन्ही जुळले तरच पूर्ण गुण. ऑस्ट्रेलियातले शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८८ साली अशा दोन पायऱ्यांच्या चाचण्या तयार करण्याची पद्धत सविस्तर मांडली. मुलांच्या गैरसमजांतूनच चुकीची कारणं घ्यायची, हा तिचा गाभा. त्यामुळे चुकलेलं उत्तरही काहीतरी सांगून जातं. फसवा प्रश्न मुलांच्या मनातल्या समजुतीला फसवणारा हवा. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही असे म्हणता येणार नाही?’ अशी वाक्यं मुलांना भाषेत अडकवतात, श्वसनाशी त्यांचा संबंध नाही. तसले प्रश्न मी सरळ काढून टाकते.

प्रश्न. आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. मग बाहेर सोडलेल्या हवेत सर्वांत जास्त कोणता वायू असतो?

कार्बन डायऑक्साइड, असं एका सुरात उत्तर येतं. काही जण ऑक्सिजन म्हणतात. बरोबर उत्तर आहे नायट्रोजन. आणि दुसरा क्रमांक? तोही कार्बन डायऑक्साइडचा नाही, ऑक्सिजनचाच.

एका श्वासाचा हिशेब मांडला की हे डोळ्यांपुढे येतं. मोठा माणूस शांतपणे एका वेळी साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. बाष्प बाजूला ठेवलं तर त्यात जवळपास ३९० मिलिलिटर नायट्रोजन आणि २१ टक्के म्हणजे १०५ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, म्हणजे एका मिलिलिटरच्या पाचव्या भागाएवढा. तीच हवा बाहेर येते तेव्हा ऑक्सिजन सुमारे १६ टक्क्यांवर आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्क्यांवर गेलेला असतो. म्हणजे ८० मिलिलिटर ऑक्सिजन परत आला आणि त्यासोबत २० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड. नायट्रोजन जसा गेला तसाच आला. आत घेतलेल्या ऑक्सिजनपैकी जवळपास तीन चतुर्थांश आपण न वापरताच सोडून देतो. एक कारण असं, की ५०० मिलिलिटरपैकी सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेच्या वाटेवरच थांबते. ती वायुकोशांपर्यंत पोहोचतच नाही आणि पुढच्या उच्छ्वासात तशीच बाहेर पडते.

आकडे पाठ करू देऊ नयेत. त्यांवर एक प्रश्न विचारावा. श्वास थांबलेल्या माणसाला तोंडाने श्वास दिला तर तो जगू शकतो, ते कसं? उच्छ्वास म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड असता, तर तो उपाय उलटाच पडला असता. त्या हवेत १६ टक्के ऑक्सिजन उरलेला असतो म्हणून तो चालतो.

हा गैरसमज घट्ट होण्यात चुन्याच्या निवळीच्या प्रयोगाचाही वाटा आहे. पानाला लावायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा आणि वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्यायचं. नळीने त्यात फुंकलं की निवळी दुधाळ होते. मुलं निष्कर्ष काढतात, ‘उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइडच असतो.’ निवळी फक्त एवढंच सांगते, की त्यात कार्बन डायऑक्साइड आहे. ऑक्सिजन आहे की नाही, याबद्दल ती काही बोलत नाही. म्हणून शेजारी दुसरी परीक्षानळी ठेवून तिच्यात सिरिंजने वर्गातली साधी हवा सोडायची. पहिली थोड्या फुंकरींत दुधाळ होते, दुसरी बराच वेळ नितळ राहते, आणि तुलना इथे सुरू होते. जास्त वेळ फुंकत राहिलं तर दुधाळपणा पुन्हा जातो, कारण कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की तयार झालेलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये बदलतं. बाटलीतल्या निवळीवर आधीच पांढरी साय धरलेली दिसली तर ती जुनी झाली, ताजी करावी. निवळी डोळ्यांत आणि तोंडात जाता कामा नये. म्हणून नळीत श्वास ओढायचा नाही, फक्त फुंकायचं, हे आधी दोनदा बजावते आणि डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय नळी हातात देत नाही.

प्रश्न. ऑक्सिजन शरीरात नेमका कुठे वापरला जातो? फुप्फुसांत, हृदयात, रक्तात की सगळ्या पेशींत?

फुप्फुसं म्हणणाऱ्यांची संख्या मोठी असते. फुप्फुसात ऑक्सिजन वायुकोशाच्या अतिशय पातळ भिंतीतून केशवाहिनीतल्या रक्तात जातो, तिथे तो फक्त वाट बदलतो. तो वापरला जातो सगळ्या जिवंत पेशींत. तिथे अन्नातल्या ग्लुकोजमधून ऊर्जा मोकळी होते आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेशीतल्या ज्या भागात हे घडतं त्याला तंतुकणिका म्हणतात. फुप्फुसाच्या पेशीही ऑक्सिजन वापरतात, पण आपल्या गरजेपुरता.

यावर एक प्रश्न मला फार आवडतो आणि तो आठवीला झेपतो. दिवसभर ऑक्सिजन वाहून नेणारी तांबडी रक्तपेशी स्वतः त्यातला किती वापरते? उत्तर, अजिबात नाही. माणसाच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत तंतुकणिका नसतात. ती आपली ऊर्जा ऑक्सिजनशिवाय, ग्लुकोज अर्धवट मोडून मिळवते आणि हिमोग्लोबिनला चिकटलेला सगळा ऑक्सिजन इतरांपर्यंत पोहोचवते. तिच्यात केंद्रकही नसतं. हे ऐकून एका मुलीने विचारलं होतं, ‘मग ती पेशी जिवंत म्हणायची का?’ प्रश्नमंजुषेत उत्तरांपेक्षा असा प्रश्न निघाला तर मी वेळ वाढवून देते.

प्रश्न. मानेत पुढच्या बाजूला कोणती नळी असते, अन्ननलिका की श्वासनलिका? आणि शेंगदाणा चुकून श्वासनलिकेत गेला, तर तो बहुतेक वेळा कोणत्या फुप्फुसाकडे जाईल?

पहिल्या भागाचं उत्तर बोटाने तपासता येतं. गळ्याच्या पुढे, कंठमण्याच्या खाली हलकेच बोट फिरवलं की कडक कड्या लागतात. त्या श्वासनलिकेच्या कूर्चेच्या. म्हणजे हवेची नळी पुढे, अन्नाची तिच्या मागे. घास घशातून मागे जाताना त्याला हवेचं तोंड ओलांडावं लागतं. म्हणून गिळताना स्वरयंत्र वर सरकतं आणि त्यावरचं झाकण खाली येऊन वाट बंद करतं. गिळताना कंठमणी वर-खाली होतो, ते आरशात दिसतं. जेवताना बोललं किंवा हसलं की श्वास आणि घास यांची वेळ चुकते आणि ठसका लागतो. श्वासनलिकेच्या कड्या पूर्ण गोल नसतात, मागच्या बाजूने उघड्या असतात. मोठा घास जाताना मागच्या अन्ननलिकेला तिथे पसरायला जागा मिळते.

दुसऱ्या भागात मुलं अंदाजाने डावं-उजवं म्हणतात, पण आकृती नीट पाहिली तर उत्तर तिच्यातच आहे. श्वासनलिका छातीत दोन श्वसनींत विभागते. उजवी श्वसनी अधिक रुंद, आखूड आणि जास्त उभी असते, डावी अरुंद आणि तिरकी. खाली पडणारी वस्तू सहसा उजवीकडे जाते. पण ही शक्यता आहे, नियम नाही. लहान मुलांत डाव्या बाजूलाही दाणा सापडतो. जेवताना किंवा खेळताना मूल अचानक ठसकलं, मग शांत झालं, पण पुढे दिवसेंदिवस एकाच बाजूला शिट्टीसारखा श्वास आणि खोकला राहिला, तर डॉक्टर हाच संशय घेतात आणि दुर्बिणीने आत पाहून दाणा काढतात. दोन्ही फुप्फुसं सारखी नसतात, हेही इथेच येतं. उजव्याचे तीन खंड, डाव्याचे दोन, कारण हृदय डावीकडे झुकून जागा घेतं.

प्रश्न. श्वास रोखून धरला की थोड्या वेळाने तो घ्यावाच लागतो. ही ओढ कशामुळे लागते?

‘ऑक्सिजन संपतो म्हणून’ हे उत्तर इतकं साहजिक आहे की बरेच मोठेही तेच देतात. खरं कारण मुख्यतः साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड. मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनाचं केंद्र त्याची वाढ फार बारकाईने टिपतं आणि श्वास घ्यायला भाग पाडतं. ऑक्सिजन घटल्याचा इशारा बराच उशिरा मिळतो.

हा प्रश्न मी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुद्दाम घेते. विहिरीत किंवा तलावात बुडी मारून जास्त वेळ कोण राहतो, अशी पैज मुलं लावतात. आणि आधी भराभर दहा-वीस खोल श्वास घेतले की जास्त वेळ राहता येतं, हा सल्ला कुठून तरी त्यांच्यापर्यंत पोहोचलेला असतो. मी फळ्यावर विचारते, भराभर श्वास घेतल्याने काय बदलतं? ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण शांत श्वासातही धमन्यांतलं हिमोग्लोबिन ९५ टक्क्यांहून जास्त भरलेलंच असतं. कार्बन डायऑक्साइड मात्र खूप उतरतो. पाण्याखाली गेल्यावर ऑक्सिजन नेहमीच्या वेगाने संपत राहतो, पण कार्बन डायऑक्साइड ओढ लावण्याइतका वाढायलाच वेळ लागतो. श्वास हवा असं वाटण्याआधीच मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो आणि पोहणारा बेशुद्ध होतो. धडपड नाही, हाक नाही, त्यामुळे काठावरच्यांना काही कळत नाही. चांगलं पोहता येणारी मुलंही अशी बुडाली आहेत. या प्रश्नाचं कारण सबंध वर्गाकडून लिहून घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही.

उरलेले प्रश्न पटापट घेता येतात. अशुद्ध रक्त निळं असतं का? नाही, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त गडद लाल असतं. कातडीखालच्या शिरा निळसर दिसतात त्या प्रकाशामुळे, आणि पुस्तकातला निळा रंग फक्त खुणेचा. धमनीत नेहमी ऑक्सिजनयुक्त रक्त असतं का? नाही, हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. हृदयापासून दूर नेते ती धमनी, आतलं रक्त कसं आहे यावर तिचं नाव ठरत नाही. झाडं दिवसा श्वसन करतात का? करतात, दिवसरात्र करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषण त्याहून जोरात चालतं म्हणून ते लक्षात येत नाही. कुणी आठवण काढली की उचकी लागते म्हणतात, पण हलतं काय? श्वासपटल एकदम आकुंचन पावतं आणि स्वरयंत्राची फट खटकन मिटते, तोच आवाज.

आणि शेवटचा, ज्यावर मुलं सर्वांत जास्त भांडतात. जमेल तितका श्वास सोडला, आता आणखी सोडताच येत नाही. फुप्फुसं रिकामी झाली का? झाली नाहीत. मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत तेव्हाही सुमारे सव्वा लिटर हवा उरते आणि कितीही जोर लावला तरी ती बाहेर काढता येत नाही. त्यामुळे वायुकोश पूर्ण मिटत नाहीत आणि दोन श्वासांच्या मधल्या क्षणीही रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो.